चावीच्या फटीतून

कराडच्या बाजारपेठेत एका घड्याळजींचं छोटंसं दुकान आहे. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं, एवढंच. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या या काकांकडे मी अधूनमधून उगाच जाऊन बसतो. मागच्या वैशाखात असाच बसलो असताना एक गवंडी आले. मनगटावरचं घड्याळ सोडून त्यांनी काचेवर ठेवलं. "काका, दिवसाला वीस-वीस मिनिटं पुढं पळतंय. आणि चावी द्यायला लागलं की कराकरा वाजतंय."

घड्याळ जुनं, रोज चावी द्यायचं, 17 ज्वेल्सचं. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. बारा वर्षं हे मिस्त्री ते बांधकामावर वापरत होते. काच इतकी ओरखडलेली की काटे धुक्यात असल्यासारखे दिसत होते. मला वाटलं, काका आधी काचेबद्दलच बोलतील. त्यांनी काचेकडे पाहिलंसुद्धा नाही. चावी दोन बोटांत धरून जरा वरखाली हलवली, कानाशी नेऊन एकदा फिरवली आणि म्हणाले, "ह्याचं दुखणं इथं आहे."

चावी म्हणजे घड्याळाच्या उजव्या बाजूचं ते खाचांचं गोल बोंड. घड्याळाची बाकीची डबी, म्हणजे केस, चारी बाजूंनी बंद असते. मागचं झाकण घट्ट बसलेलं, काच दाबून बसवलेली. चावीचं मात्र तसं करता येत नाही, कारण ती फिरली पाहिजे आणि ओढून बाहेरही आली पाहिजे. म्हणून केसला एक भोक असतं, त्यातून एक बारीक दांडी आत जाते आणि दांडीच्या टोकाला चावी. चावीच्या पोटात रबराचं एक कडं असतं, आपल्या कुकरच्या रिंगसारखं, पण मोहरीएवढं. धूळ आणि पाणी अडवायची सगळी भिस्त त्या कड्यावर. केस कितीही जाड पोलादाची असो, घड्याळाचं संरक्षण शेवटी त्या रबराएवढंच.

आता बांधकामावर काय होतं ते पाहू. सिमेंटचा कण साधारण एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून पाच-शंभरांशापर्यंत असतो. चावीची कड आणि केस यांच्यात डोळ्याला न दिसणारी जी फट असते, ती या कणाला हमरस्त्यासारखी आहे. तो फटीत शिरतो, रबराच्या कड्यापाशी जाऊन थांबतो. तिथे घाम पोहोचलेला असतोच, बोटांचं तेलही असतं. या तिन्हींचा मिळून एक लेप तयार होतो. यंत्रशाळेत धातू घासून गुळगुळीत करायला तेलात बारीक कुरुंद कालवून लावतात, तसाच हा लेप. फरक एवढाच की इथे तो काम करतोय हे कुणाला ठाऊक नसतं.

रोज चावी द्यायच्या घड्याळाला साधारण तीस वेढे द्यावे लागतात. म्हणजे वर्षाला जवळजवळ अकरा हजार. मिस्त्री चावी कधी देत, तर संध्याकाळी काम सुटल्यावर, हात धुवायच्या आधी. बारा वर्षांत लाखाच्या वर वेढे त्या लेपातून फिरले होते. काकांनी चावी उपसून काढली आणि भिंग माझ्या हातात दिलं. रबराचं कडं गोल उरलंच नव्हतं. त्याचा चपटा, कडक काळा पापुद्रा झाला होता. आतली दांडी जिथे भोकातून जाते तिथे बारीक झाली होती, आणि भोक लांबट. कराकरा आवाज त्याचाच.

हे दुखणं घड्याळ उघडल्याशिवायही ओळखता येतं, आणि ते प्रत्येकाने करून पाहावं असं आहे. चावी नखाने वरखाली हलवली की किंचित हलणं ठीक, पण ती बोळक्या तोंडातल्या एकुलत्या दातासारखी डुलत असेल, तर भोक झिजलंय. फिरवताना वाळू दळल्यासारखं लागत असेल, तर आत कण आहेत. चावी पूर्ण दाबूनही केसपासून सुटी राहत असेल, तर दांडी वाकलीय किंवा आत काहीतरी अडकलंय. चौथी खूण सगळ्यांत उशिरा येते. काचेच्या आतून धुकं धरतं, आणि तेही बहुधा चावीच्या बाजूने, 3 च्या आकड्यापाशी.

हे धुकं कसं येतं, ते मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. उन्हात काम करताना घड्याळ चांगलंच तापतं, समजा 45 अंश. काम संपल्यावर माणूस पाण्याच्या टाकीपाशी जातो आणि कोपरापर्यंत हात धुतो. टाकीतलं पाणी 25 अंशांचं. घड्याळातली हवा एकदम थंड होते, आकसते, आणि आतला दाब सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो. सहा टक्के ऐकायला काही नाहीत. पण रबर झिजलेलं असेल तर घड्याळ त्या क्षणी घोट घेतं, आणि घोट घेतं ते चावीच्या फटीतून, जिथे त्याच वेळी गढूळ पाणी ओघळत असतं. म्हणजे पाणी नुसतं शिरत नाही, ते ओढून घेतलं जातं. मिस्त्रींच्या घड्याळाची तबकडी 3 च्या आकड्याशी तपकिरी पडली होती. बाकी सगळी स्वच्छ.

घड्याळ बनवणारेही परीक्षा याच तत्त्वाने घेतात. घड्याळ 40 ते 45 अंशांच्या तव्यावर काही वेळ गरम करायचं, मग काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि मिनिटभराने पुसायचा. थेंबाखाली आतून वाफ धरली असेल, तर आत ओल आहे. घरी हे उन्हात ठेवलेल्या घड्याळावरही करता येतं. गॅसवर कृपया नको.

धुळीबाबत आणखी एक. गॅरेजमध्ये, फॅब्रिकेशनच्या दुकानात काम करणारी मुलं संध्याकाळी कॉम्प्रेसरच्या नळीने अंगावरची धूळ उडवतात आणि त्याच झपाट्यात मनगटावरही मारतात. त्या नळीतली हवा वातावरणाच्या सहा-सात पट दाबाची असते. रोजच्या वापराच्या बहुतेक घड्याळांवर लिहिलेलं असतं 30 मीटर, म्हणजे वातावरणाच्या तिप्पट, आणि तेही नव्या रबराला, स्थिर पाण्यात. फटीपाशी थांबलेली धूळ ही नळी धक्का मारून आत पोहोचवते. कोरड्या फडक्याने खसखसा पुसणंही तितकंच वाईट, कारण फडक्यात अडकलेले कण काच आणि केस घासत जातात. आपल्याकडे आता नदीच्या वाळूऐवजी काळा दगड भरडून केलेली क्रश वाळू सर्रास वापरतात. तिचे कण धारदार आणि साध्या काचेला चरा पाडण्याइतके कठीण. बरं, मग करायचं काय? जुन्या मऊ दातब्रशने कोरडी धूळ झटकायची, मग ओलं फडकं फिरवायचं. रबर शाबूत असल्याची खात्री असेल तरच साबणाच्या कोमट पाण्यात, आणि चावी आत दाबलेली असताना.

काकांनी मग मागचं झाकण उघडलं. वीस मिनिटं पुढे पळण्याचं कारण मात्र धूळ नव्हतं. ते होतं हातोडा.

चावीच्या घड्याळात बॅलन्स नावाचं एक चाक इकडून तिकडे झुलत असतं. त्याला केसापेक्षा बारीक पोलादी पट्टीची एक गुंडाळी जोडलेली असते, हेअरस्प्रिंग. झोक्याचा वेग ती ठरवते. छिन्नीवर हातोडा बसला की छिन्नी धरलेल्या हाताला झटका येतो, आणि घड्याळ असतं त्याच हातावर. एका जोरदार झटक्यात गुंडाळीचे दोन वेढे एकमेकांवर आदळले होते, आणि आत पसरलेल्या तेलाच्या ओशटपणामुळे तसेच चिकटून राहिले होते. वेढे चिकटले की स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते, आणि आखूड स्प्रिंग चाकाला लवकर लवकर झुलवते. घड्याळ अचानक, एका दिवसात, मिनिटांच्या हिशेबाने पुढे पळायला लागलं, तर पहिला संशय याचा घ्यायचा. दुसरा संशय चुंबकाचा. वेल्डिंगच्या जाड केबलशेजारी हात राहिला की तीच स्प्रिंग चुंबकित होऊन तिचे वेढे तसेच चिकटतात.

मिस्त्री नशीबवान. चाकाचा आस शाबूत होता. त्याची टोकं एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढीच जाड असतात, आणि पूर्वी घड्याळ पडलं की पहिली तीच मोडत. 1930 च्या दशकापासून ही टोकं ज्या माणकांत बसतात ती माणकंच छोट्या स्प्रिंगवर तरंगती ठेवायची पद्धत रुळली. धक्का बसला की माणिक सरकतं, आस वाचतो, माणिक परत जागी येतं. तबकडीवर शॉकप्रूफ किंवा पॅराशॉक असं छापलेलं असतं, ते याबद्दल. पण या शब्दाचा अर्थ जरा जपून घ्यायला हवा. धक्क्याची आंतरराष्ट्रीय कसोटी आहे ती साधारण एक मीटरवरून कठीण लाकडी फळीवर पडल्याएवढ्या आघाताची. घड्याळ कपाटावरून पडलं तर टिकावं, एवढंच ते आश्वासन आहे. दिवसभर छिन्नीवर बसणारे घाव किंवा स्लॅब फोडणाऱ्या ब्रेकरची थरथर कुणी त्यात धरलेली नाही. बसण्याच्या जागेप्रमाणे घड्याळाची चाल बदलायला लागली, म्हणजे उताणं ठेवलं की बरोबर आणि उभं ठेवलं की मागे, तर आसाचं टोक दबलं असं समजायचं.

चावीलाही धक्के बसतात, आणि ते बहुधा आपणच देतो. डाव्या मनगटावर घड्याळ असेल तर चावी पंजाच्या बाजूला येते. घमेलं डोक्यावर चढवताना किंवा पोतं ढकलताना हात मागे वळला की पंजाची पाठ चावीवर दाबते. तेच घड्याळ उजव्या हाताला बांधलं तर चावी कोपराकडे जाते आणि या दाबातून सुटते. अर्थात हातोडा उजव्या हातात असेल तर दुसरं संकट ओढवलं. मनगटाच्या आतल्या बाजूला तबकडी फिरवून बांधायची पद्धत मी अनेक गवंड्यांत पाहिली आहे. काच वाचते हे खरं, पण मग ओल्या सिमेंटच्या सगळ्यांत जवळ पट्ट्याचं बक्कल येतं.

कष्टाच्या कामाला घड्याळ का टिकत नाही, या प्रश्नातूनच एक प्रसिद्ध घड्याळ जन्मलं. जपानमध्ये कॅसिओचे अभियंता किकुओ इबे यांचं वडिलांनी दिलेलं घड्याळ पडून फुटलं. त्याच सुमारास रस्त्याचं काम करणारे मजूर त्यांना दिसले, आणि एकाच्याही मनगटावर घड्याळ नव्हतं, असं त्यांनी सांगितलेलं आहे. 1981 मध्ये सुरू झालेल्या या खटाटोपात त्यांनी दोनशेच्या आसपास नमुने इमारतीच्या खिडकीतून खाली टाकून फोडले. उपाय सुचला तो बागेत चेंडू आपटणाऱ्या मुलीकडे पाहून, की यंत्र चेंडूच्या पोटात तरंगत असल्यासारखं ठेवायचं. 1983 मध्ये जी-शॉक बाजारात आलं. त्यातला मला सगळ्यांत भावलेला भाग धक्क्याचा नाहीच. त्या पहिल्या घड्याळाला चावीच नव्हती. नुसती बटणं, तीही बाहेरच्या रबरी कड्याच्या आत बुडालेली. जे दार राखता येत नाही ते त्यांनी काढूनच टाकलं.

त्या रबरी कड्याला मात्र मर्यादा आहेत. ते असतं पॉलियुरेथेनचं, आणि दमट हवेत, घामात हा पदार्थ काही वर्षांत आतून विघटित होतो. आधी चिकट होतो, मग तुकडे पडतात. कोकणात, मुंबईत हा अनुभव लवकर येतो. ते घड्याळ बिघडल्याचं लक्षण नव्हे. कडं आणि पट्टा बदलायचे, यंत्र तसंच चालतं.

आता रसायनं. इथे मिस्त्रींच्या घड्याळाचं शब्दशः पितळ उघडं पडलं होतं. केस पोलादाची दिसत होती, पण होती पितळेवर चकाकीचा मुलामा. पट्टा अडकवायची जी चार शिंगं असतात, तिथला मुलामा झिजून खालचं पितळ दिसत होतं, आणि पितळेला हिरवा कळंक चढला होता. घामातलं मीठ एवढं करतंच. ओल्या सिमेंटचं वेगळंच. पाणी घातलं की सिमेंटमधून चुना सुटतो, आणि तो लगदा हाताची कातडी सोलण्याइतका तीव्र अल्कली असतो. पोलादाला तो फारसं काही करत नाही. पण स्वस्त घड्याळांची केस जस्ताच्या मिश्रधातूची असते, काहींचं वरचं कडं अ‍ॅल्युमिनियमचं. हे दोन्ही धातू अल्कलीत विरघळतात. मुलाम्याला टाचणीएवढं छिद्र पडलं की खालून पोखरण सुरू होते आणि वर फोड येतात.

मात्र खऱ्या स्टेनलेस पोलादाला जे मारतं ते वेगळंच, आणि ते प्रत्येक फरशीकामाच्या शेवटच्या दिवशी हजर असतं. लाद्यांवरचे सिमेंटचे डाग काढायला जे पिवळट अ‍ॅसिड वापरतात, ते हायड्रोक्लोरिक आम्ल. पोलाद गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या एका अदृश्य पापुद्र्यामुळे, आणि क्लोराईड नेमका तोच पापुद्रा फोडतं. मग पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे काळे खड्डे पडतात, जे घासून जात नाहीत. अ‍ॅसिडचा थेंब उडायलाही लागत नाही. बंद न्हाणीघरात नुसत्या धुराने कोपऱ्यात ठेवलेली अवजारं लाल होतात, हे कुठलाही फरशीवाला सांगेल. काकांचा त्या दिवशीचा एकच हुकूम असा होता की ज्यात पळवाट नाही. अ‍ॅसिडच्या दिवशी घड्याळ घरी.

रंगाऱ्यांचा शत्रू थिनर. जुन्या घड्याळांची काच खरी काच नसतेच, ती अ‍ॅक्रिलिक असते. तिच्यावरचे ओरखडे पॉलिशने दहा मिनिटांत निघतात, म्हणूनच काकांनी सुरुवातीला तिच्याकडे पाहिलं नव्हतं. पण थिनरचं फडकं फिरवलं की तिच्या अंगात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात आणि मग काच बदलण्यावाचून गत्यंतर नाही. तेच थिनर चावीच्या रबराला फुगवतं. फुगलेलं रबर वाळल्यावर आकसतं, आणि पुन्हा फट.

राहिला पट्टा. पट्ट्याकडे आपण शोभेची वस्तू म्हणून पाहतो. घड्याळजी पाहतात ते पट्ट्याच्या टोकाच्या पिनेकडे. दोन शिंगांच्या मध्ये बसणारी ही दीड मिलिमीटर जाडीची पोकळ नळी, आत छोटी स्प्रिंग. घाम आणि सिमेंट तिच्या पोटात जातं, स्प्रिंग गंजून जाम होते, टोक पूर्ण बाहेर येत नाही. मग एखाद्या दिवशी पोतं उतरवताना हिसका बसतो आणि घड्याळ स्लॅबच्या काँक्रीटमध्ये. काकांच्या मते कामावरची घड्याळं बिघडून जातात त्याहून जास्त या पिनेपायी हरवून जातात. वर्षातून एकदा पिना बदलायच्या, एवढाच खर्च.

चामड्याचा पट्टा कामावर नकोच. घामाने तो कुजतो, सिमेंटने वाळून तडकतो, आणि मधल्या काळात ओलं सिमेंट मनगटाशी धरून ठेवतो. मिस्त्रींच्या मनगटावर पट्ट्याच्या रुंदीची लालसर, खवलं धरलेली पट्टी होती. घड्याळाच्या दुखण्यात तिच्याकडे बारा वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. पोलादी साखळीत कण दोन कड्यांच्या मध्ये बसून पिना घासतात, साखळी हळूहळू लांबते आणि घड्याळ मनगटावर गरगर फिरायला लागतं. काकांनी सुचवला तो एकसंध नायलॉनचा पट्टा. ब्रिटिश सैन्याने 1973 मध्ये ठरवून दिलेल्या नमुन्यावरून हे पट्टे आले. एकच पट्टी दोन्ही पिनांच्या आतून, घड्याळाच्या पाठीखालून जाते. एक पिन तुटली तरी घड्याळ दुसरीवर लोंबकळत राहतं. नायलॉन धूळ मात्र भरपूर धरतो, म्हणून रोज रात्री काढून साबणाने धुवायचा, आणि सकाळी कोरडाच बांधायचा.

आणि एक जागा अशी, जिथे घड्याळाचा विचारच करू नये. लेथ, ड्रिल, मिक्सरचा पट्टा, जे जे फिरतं, त्याच्याजवळ मनगट मोकळं हवं. तिथे पट्टा न तुटणं हाच धोका. हा नायलॉनचा पट्टा तर मुळीच तुटत नाही.

आठवड्याने मिस्त्री घड्याळ न्यायला आले तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. काकांनी हेअरस्प्रिंग धुऊन मोकळी केली होती, नवी दांडी, नवी चावी, नवं रबर. भोकात नवी नळी बसवली होती. मुलामा तसाच ठेवला होता, कारण पुन्हा चढवला तरी शिंगांवर तो वर्षभरात जाणार. चावी द्यायची ती सकाळी, आंघोळ झाल्यावर, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मग म्हणाले, "मिस्त्री, माझं ऐकाल तर कामाला एक प्लॅस्टिकचं घ्या. हे सासऱ्यांचं लग्नकार्याला ठेवा."

मिस्त्रींनी नवा पट्टा ओढून बांधला, मनगट दोनदा झटकून पाहिलं. "काका, लग्नात घड्याळ बघून काय करायचंय? जेवायला बोलावत्यातच की. माल कालवला की अर्ध्या तासानं तो धरायला लागतो, येळ बघायची ती तवा."

काका काही बोलले नाहीत. नव्या पिनांचं एक पाकीट तेवढं त्यांनी मिस्त्रींच्या खिशात सरकवलं.